क्वेश्चन टॅग: वाक्य होकारार्थी की नकारार्थी, हे नेमकं कसं ठरवायचं?

परीक्षेत क्वेश्चन टॅगचा प्रश्न एका ओळीत मावतो. एक वाक्य, शेवटी स्वल्पविराम, पुढे रिकामी जागा आणि खाली चार पर्याय. तलाठी भरतीपासून लोकसेवा आयोगाच्या परीक्षांपर्यंत जिथे जिथे इंग्रजीचं व्याकरण विचारतात, तिथे हा प्रश्न येतो आणि दहावी-बारावीच्या मुलांनाही टॅग जोडायला सांगतात. नियम जवळजवळ सगळ्यांना पाठ असतो: वाक्य होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी, वाक्य नकारार्थी असेल तर टॅग होकारार्थी. तरीही मार्क जातो. याचं कारण असं की समोरचं वाक्य होकारार्थी आहे की नकारार्थी, हेच चुकीचं ठरवलं जातं. शिवाय काही वाक्यांना हा नियम लागूच पडत नाही, आणि मुलं तिथेही तो लावतात.

उदाहरणं मी इथे बोलायची तशीच लिहितो आहे. ती मोठ्याने म्हणून पाहिलीत तर जास्त उपयोग होईल, कारण टॅग ही मुळात बोलण्यातली गोष्ट आहे.

मराठी माणसाला टॅग जड जातो, त्यामागे एक साधं कारण आहे. आपलं सगळं काम एकटा ‘ना’ करतो. ‘तू येणार ना?’ आणि ‘तू येणार नाहीस ना?’ या दोन्ही वाक्यांत ‘ना’ तोच राहतो. वाक्य उलटलं, कर्ता बदलला, काळ बदलला, तरी त्याचं रूप बदलत नाही. म्हणून टॅग उलटवायची सवय आपल्या कानाला मुळातच नाही. आपल्याकडे बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत कुठल्याही वाक्याला ‘इजन्ट इट?’ चिकटतं, तेही यामुळेच. ‘यू आर कमिंग टुमॉरो, इजन्ट इट?’ हे ऐकायला ओळखीचं वाटतं आणि पर्यायांत दिसलं की हात तिकडे जातो. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

प्रमाण इंग्रजीत टॅग मूळ वाक्यातून दोन गोष्टी उचलतो, सहायक क्रियापद आणि कर्त्याचं सर्वनाम, आणि तिसरी गोष्ट, म्हणजे होकार-नकार, उलटी करतो. चुकीचे पर्याय याच तीन ठिकाणी मोडतोड करून तयार होतात. समजा वाक्य आहे, ‘रोहन हॅज फिनिश्ड हिज वर्क’. पर्याय आहेत ‘हॅजन्ट ही’, ‘हॅज ही’, ‘डजन्ट ही’ आणि ‘इजन्ट ही’. दुसऱ्या पर्यायात उलटापालट केलेली नाही, तिसऱ्यात आणि चौथ्यात सहायक क्रियापद चुकवलं आहे. हेच वाक्य ‘ही’ज फिनिश्ड हिज वर्क’ असं आखडून दिलं, की चौथा पर्याय एकदम खरा वाटू लागतो, कारण ‘ही’ज’ म्हणजे ‘ही इज’ हे डोक्यात बसलेलं असतं. पुढे ‘फिनिश्ड’ हे कर्मासह आलेलं तिसरं रूप आहे, म्हणून इथला ‘ज’ हा ‘हॅज’चा आहे. तसंच ‘ही’ड बेटर गो’ मधला ‘ड’ हा ‘हॅड’चा, तर ‘ही’ड रादर गो’ मधला ‘वुड’चा. टॅग अनुक्रमे ‘हॅडन्ट ही’ आणि ‘वुडन्ट ही’.

सहायक क्रियापद आणि सर्वनाम सरावाने जमतात. पण होकार-नकार ओळखता आला, तर चारपैकी बहुधा दोन पर्याय एका फटक्यात बाद होतात. म्हणून आधी तेच नीट पाहू.

‘नॉट’ दिसत नाही, तरी नकार आहे

‘नॉट’ असलेलं वाक्य नकारार्थी, बाकी सगळी होकारार्थी, एवढ्यावर काम भागत नाही. इंग्रजीत काही शब्द अंगभूत नकार घेऊन येतात. ‘नेव्हर’, ‘नोबडी’, ‘नथिंग’, ‘नो’ यांच्यात तो ऐकू तरी येतो. ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’, ‘बेअरली’, ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ यांच्यात ऐकू येत नाही, पण असतो. ‘ही हार्डली स्पीक्स’ म्हणजे तो बोलतच नाही म्हणा ना. म्हणून टॅग ‘डज ही’, ‘डजन्ट ही’ नव्हे.

यांतली सगळ्यात फसवी जोडी ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांची आहे. ‘फ्यू पीपल नो धिस रूल’ म्हणजे हा नियम फारसा कुणाला माहीतच नाही. बोलणाऱ्याचा कल नकाराकडे आहे, म्हणून टॅग ‘डू दे’. ‘अ फ्यू पीपल नो धिस रूल’ म्हणजे माहीत असलेले थोडे लोक आहेत. कल होकाराकडे, म्हणून टॅग ‘डोन्ट दे’. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचंही असंच. ‘देअर इज लिटल वॉटर इन द डॅम, इज देअर?’ आणि ‘देअर इज अ लिटल वॉटर इन द डॅम, इजन्ट देअर?’ छापील वाक्यातलं ते एकटं ‘अ’ नजरेतून निसटलं की उत्तर नेमकं उलटं होतं.

आता याच्या विरुद्ध बाजूचा फसवा प्रकार. ‘शी इज अनहॅपी’, ‘ही डिसलाइक्स टी’, ‘दे फेल्ड टू रिच इन टाइम’, ‘ही रिफ्यूज्ड द ऑफर’. या वाक्यांचा अर्थ मराठीत करताना आपण ‘नाही’ वापरतो. ती खूश नाही, त्याला चहा आवडत नाही, ते वेळेत पोहोचले नाहीत. त्यामुळे मन सांगतं, वाक्य नकारार्थी आहे. पण इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबाने ही चारही वाक्यं होकारार्थी आहेत. नकार शब्दाच्या अर्थात आहे, वाक्याच्या बांधणीत नाही. टॅग येतील ‘इजन्ट शी’, ‘डजन्ट ही’, ‘डिडन्ट दे’, ‘डिडन्ट ही’.

मग बांधणीतला नकार आणि अर्थातला नकार वेगळा कसा ओळखायचा? त्यासाठी व्याकरणात एक भरवशाची कसोटी आहे. वाक्याच्या पुढे ‘मीसुद्धा’ अशा अर्थाची शेपटी जोडून बघायची. होकारार्थी वाक्याला ‘अँड सो डू आय’ जुळतं, नकारार्थी वाक्याला ‘अँड नायदर डू आय’. ‘ही डिसलाइक्स टी, अँड सो डू आय’ हे बरोबर लागतं. इथे ‘नायदर’ घातलं तर वाक्य मोडतं. उलट ‘ही हार्डली स्पीक्स, अँड नायदर डू आय’ हे सरळ बसतं आणि तिथे ‘सो’ खटकतं. जिथे ‘सो’ बसतं तिथे टॅग नकारार्थी, जिथे ‘नायदर’ बसतं तिथे टॅग होकारार्थी. शंका असलेल्या वाक्याला पाच सेकंदांत ही शेपटी लावता येते, आणि शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मला हे जास्त खात्रीचं वाटतं.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू. वाक्य असं: ‘हार्डली एनीवन इन द व्हिलेज रिमेंबर्स द ओल्ड वेल’. पर्याय आहेत ‘डजन्ट ही’, ‘डोन्ट दे’, ‘डज ही’ आणि ‘डू दे’.

या वाक्यात तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिलं, ‘नॉट’ कुठेच नाही. पण ‘हार्डली’ सुरुवातीलाच बसलेलं आहे आणि ‘हार्डली एनीवन’ म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. शेपटी लावून बघा: ‘अँड नायदर डू आय’ हेच जुळतं. म्हणजे वाक्य नकारार्थी, टॅग होकारार्थी हवा, आणि पहिले दोन पर्याय गेले. उरले ‘डज ही’ आणि ‘डू दे’. दुसरं, क्रियापद ‘रिमेंबर्स’ आहे, त्याला एकवचनी ‘एस’ लागलेला आहे, त्यामुळे ‘डज’ खुणावतं. तिसरं, कर्ता ‘एनीवन’ आहे. ‘एनीवन’, ‘एव्हरीवन’, ‘समबडी’, ‘नोबडी’ हे शब्द स्वतः एकवचनी क्रियापद घेतात, पण आजच्या प्रमाण इंग्रजीत टॅगमध्ये त्यांच्यासाठी ‘दे’ येतं, कारण ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठरलेलं नसतं. ‘दे’ आलं की ‘डज’ टिकत नाही, ‘डू’ व्हावं लागतं. उत्तर ‘डू दे’. वाक्यात ‘रिमेंबर्स’ आणि टॅगमध्ये ‘डू’ ही विसंगती डोळ्यांना टोचते, पण ती तशीच हवी. वस्तूबद्दलच्या ‘नथिंग’ आणि ‘एव्हरीथिंग’ला मात्र ‘इट’ लागतं: ‘नथिंग हॅज चेंज्ड, हॅज इट?’

‘नॉट’ आहे, पण तो टॅगचा नाही

कधी ‘नॉट’ ठळक दिसतो आणि तरी टॅग नकारार्थीच येतो. ‘ही टोल्ड मी नॉट टू वरी’ हे वाक्य घ्या. यातला नकार ‘वरी’चा आहे. मुख्य क्रियापद ‘टोल्ड’ होकारार्थी आहे, त्याने सांगितलं. म्हणून ‘डिडन्ट ही’. ‘दो इट वॉजन्ट रेनिंग, शी कॅरीड अ‍ॅन अम्ब्रेला’ इथेही नकार गौण वाक्यात अडकलेला आहे. टॅग मुख्य वाक्याचा, म्हणून ‘डिडन्ट शी’. पर्यायांत ‘वॉज इट’ हमखास दिलेलं असतं, कारण घाईत वाचणारा पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबतो.

टॅग मुख्य वाक्याचा, हे लक्षात ठेवून मुलं पुढे जातात आणि मग एक वाक्य त्यांना आडवं येतं: ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’. इथे मुख्य वाक्य ‘आय डोन्ट थिंक’ आहे. मग टॅग ‘डू आय’ यायला हवा. पण उत्तर असतं ‘विल ही’.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टॅग लावून आपण समोरच्याकडून दुजोरा मागतो. मला काय वाटतं, याचा दुजोरा समोरचा कसा देणार? ते तर मलाच माहीत. मला खरं विचारायचं असतं ते तो येणार की नाही याबद्दल. ‘आय थिंक’, ‘आय सपोज’, ‘आय बिलीव्ह’ हे इथे आपल्या ‘मला वाटतं’सारखे मत मांडण्यापुरते येतात, आणि टॅग त्यांना ओलांडून पुढच्या वाक्याला जाऊन चिकटतो. त्यातही एक बारकावा आहे. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ याचा अर्थ ‘तो येणार नाही असं मला वाटतं’ असाच आहे. नकार नुसता ‘थिंक’पाशी येऊन बसला आहे, खरा तो ‘विल कम’चा आहे. म्हणून सर्वनाम आणि सहायक क्रियापद पुढच्या वाक्याचं, पण नकार मात्र हिशेबात धरायचा: ‘विल ही’. आणि ‘आय थिंक ही विल कम’ असेल तर ‘वोन्ट ही’.

हे ‘आय’पुरतंच आहे. ‘मीना थिंक्स ही विल कम’ म्हटलं, की मीनाला काय वाटतं हीच बातमी झाली, तिच्याबद्दल विचारता येतं, म्हणून नेहमीचा नियम परत लागू होतो: ‘डजन्ट शी’. ‘यू डोन्ट थिंक ही विल कम’ असेल तर ‘डू यू’.

‘आय अ‍ॅम’

आता ‘आय अ‍ॅम’कडे. ‘आय अ‍ॅम लेट’ या वाक्याचा टॅग नियमाने ‘अ‍ॅमन्ट आय’ व्हायला हवा. ‘इज’चं ‘इजन्ट’, ‘वॉज’चं ‘वॉजन्ट’, तर ‘अ‍ॅम’चं ‘अ‍ॅमन्ट’. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लोक ते बोलतातही. पण प्रमाण इंग्रजीत ही जागा ‘आरन्ट आय’ने घेतली आहे. ‘आय’ला ‘आर’ कसं काय, हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. ‘अ‍ॅम नॉट’ घाईत बोलताना त्यातला ‘म’ गळाला आणि ‘आन्ट’सारखा उच्चार झाला. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत व्यंजनाच्या आधीचा ‘र’ उच्चारत नाहीत, त्यामुळे तिथे ‘आर नॉट’चं आखूड रूपही अगदी तसंच ऐकू येतं. दोन्हींचा आवाज एक झाला, आणि लिहिताना ‘आरन्ट’चं स्पेलिंग दोघांनाही मिळालं. म्हणजे ‘आरन्ट आय’ मधला ‘आर’ हा दिसायला ‘आर’ आहे, मुळात तो ‘अ‍ॅम’च आहे.

पर्यायांत सहसा ‘अ‍ॅमन्ट आय’, ‘अ‍ॅम नॉट आय’, ‘एन्ट आय’ आणि ‘आरन्ट आय’ असे चार उभे करतात. ‘एन्ट’ बोलीत चालतं, परीक्षेत नाही. ‘अ‍ॅम नॉट आय’ शब्दक्रमामुळे बाद होतं. टॅग पूर्ण रूपात लिहायचा असेल तर सर्वनाम आधी आणि ‘नॉट’ नंतर येतो, म्हणजे ‘अ‍ॅम आय नॉट’. हे रूप औपचारिक इंग्रजीत बरोबर आहे, आणि ‘आरन्ट आय’ पर्यायांत नसेल तर हेच उत्तर समजावं.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गफलत यानंतर होते. ‘आय अ‍ॅम’ दिसलं की डोळे मिटून ‘आरन्ट आय’ लावायची सवय लागते. ‘आय अ‍ॅम नॉट लेट’ याचा टॅग साधा ‘अ‍ॅम आय’ आहे, तिथे आखूड रूपाची गरजच नाही. ‘आय अ‍ॅम नेव्हर लेट’ यालाही ‘अ‍ॅम आय’, कारण ‘नेव्हर’मध्ये नकार आहे. आणि ‘आय अ‍ॅम शुअर शी विल पास’ याला? ‘आय अ‍ॅम शुअर’ हे ‘आय थिंक’च्याच पंगतीतलं आहे, मत मांडण्यापुरतं आलेलं. मला खात्री आहे की नाही हे कुणाला विचारायचं नाही, ती पास होईल ना, हे विचारायचं आहे. म्हणून ‘वोन्ट शी’.

जिथे उलटापालट नाही: आज्ञार्थी वाक्यं

‘ओपन द विंडो’ हे वाक्य काही सांगत नाही, काही करायला लावतं. खिडकी उघडी आहे की नाही, याबद्दल त्यात विधानच नाही. मग टॅगने दुजोरा कशाचा मागायचा? म्हणून इथे टॅगचं काम बदलतं. तो समोरच्याची तयारी विचारतो: उघडशील का? म्हणून ‘विल यू’. वाक्य होकारार्थी आणि टॅगही होकारार्थी, हे नियम मोडणं नाही. होकार-नकार उलटवण्याचा नियम विधानांसाठी आहे आणि हे विधान नाही.

‘डोन्ट मेक अ नॉइज’ यालाही ‘विल यू’च लागतं. इथे ‘वोन्ट यू’ कधीच येत नाही. ‘नेव्हर टेल अ लाय’ हेही आज्ञार्थीच, तिथेही ‘विल यू’. नकारार्थी आज्ञेचा प्रश्न त्यामुळे सगळ्यात सोपा असतो, एकच उत्तर.

होकारार्थी आज्ञेत मात्र एकापेक्षा जास्त टॅग भाषेत खरोखर चालतात, आणि फरक सुराचा असतो. ‘ओपन द विंडो, विल यू?’ ही साधी सूचना. ‘हॅव सम टी, वोन्ट यू?’ हे आग्रहाचं आमंत्रण, चहा घ्या ना. ‘हेल्प मी विथ धिस बॅग, कुड यू?’ ही अजिजी. ‘स्टॉप दॅट नॉइज, कान्ट यू?’ यात वैताग आहे. परीक्षेत यांतला एकच पर्याय दिला असेल तर अडचण नाही, तोच लिहायचा. ‘विल यू’ आणि ‘वोन्ट यू’ दोन्ही दिले असतील तर वाक्याकडे पुन्हा बघायचं. समोरच्याच्या फायद्याचं काही आहे का? बसा, खा, आत या, आमच्याकडे मुक्कामाला या, अशा वाक्यांत ‘वोन्ट यू’ शोभतं. बोलणाऱ्याला काम करून हवं असेल तर ‘विल यू’.

आज्ञार्थी वाक्य ओळखण्यातही एक खाच आहे. ‘राहुल, क्लोज द डोअर’ या वाक्यात राहुल कर्ता नाही, त्याला हाक मारली आहे. कर्ता लपलेला ‘यू’ आहे. पर्यायांत ‘डजन्ट ही’ आणि ‘वोन्ट ही’ ठेवलेले असतात आणि नाव दिसलं म्हणून विद्यार्थी ‘ही’ उचलतो. नावानंतरचा स्वल्पविराम पाहायचा, आणि क्रियापदाला ‘एस’ नाही हेही. राहुल कर्ता असता तर ‘क्लोजेस’ झालं असतं.

हाच ‘एस’ आणखी एका ठिकाणी कामाला येतो, म्हणून विषय थोडा सोडून सांगतो. ‘शी रेड द न्यूजपेपर’ आणि ‘शी रीड्स द न्यूजपेपर’ यांत कागदावर फरक फक्त ‘एस’चा असतो, कारण ‘रीड’चं भूतकाळी रूप तसंच लिहितात. ‘एस’ नसेल आणि कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल, तर वाक्य भूतकाळी, टॅग ‘डिडन्ट शी’. ‘पुट’ आणि ‘कट’ यांचंही तेच.

‘लेट अस’

‘लेट्स गो फॉर अ वॉक’ असं आखूड रूप दिलं असेल तर विचार करायचा नाही, टॅग ‘शॅल वी’. ‘लेट्स’ म्हणजे आपण मिळून काही करू या, ऐकणाराही त्यात धरलेला. दोघांच्या वतीने विचारायचं म्हणून ‘वी’, आणि सुचवायचं म्हणून ‘शॅल’. ‘लेट्स नॉट वेस्ट टाइम’ असा नकार असला तरी टॅग ‘शॅल वी’च, कारण सुचवणं तसंच राहिलं आहे.

‘लेट अस’ पूर्ण लिहिलं की दोन अर्थ निघतात. एक हाच, आपण करू या. दुसरा, आम्हाला करू द्या. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, त्यामुळे आपल्याला हा फरक इंग्रजाहून लवकर कळायला हवा. ‘अस’मध्ये ऐकणारा आत असेल तर ‘शॅल वी’. तो बाहेर असेल आणि त्याच्याकडे परवानगी मागितली जात असेल, तर ‘लेट’ ही त्याला केलेली विनंती झाली, साधं आज्ञार्थी वाक्य, म्हणून ‘विल यू’.

ऐकणारा आत आहे की बाहेर, हे वाक्यातच कुठेतरी लिहिलेलं असतं. ‘सर, लेट अस लीव्ह अर्ली टुडे’ यात ‘सर’ ही हाक आहे, मुलं परवानगी मागत आहेत. ‘लेट अस यूज युवर फोन’ यात ‘युवर’ सगळं सांगून जातं. फोन ऐकणाऱ्याचा आहे, म्हणजे ‘अस’मध्ये तो नाही. ‘प्लीज लेट अस इन’ यात आम्ही दाराबाहेर आणि तो दाराच्या आत, अर्थच परवानगीचा आहे. या तिन्हींना ‘विल यू’. ‘लेट अस प्ले टुगेदर’ यात ‘टुगेदर’ आहे, परवानगी देणारा कुणी नाही, म्हणून ‘शॅल वी’. काहीच खूण नसेल, जसं ‘लेट अस स्टार्ट द मीटिंग’, तर सूचनेचा अर्थ धरायचा आणि ‘शॅल वी’ लिहायचं.

‘लेट हिम गो’, ‘लेट देम प्ले’ यांत ‘हिम’ आणि ‘देम’ बघून ‘वोन्ट ही’ किंवा ‘शॅल दे’ उचलू नका. सोडायचं काम ऐकणाऱ्याचं आहे, त्याला सांगितलं आहे, म्हणून ‘विल यू’.

राहिली ती वाक्यं, ज्यांत विधान असूनही टॅग उलटत नाही. ‘सो यू आर लीव्हिंग टुमॉरो, आर यू?’ इथे बोलणाऱ्याने नुकतंच काही ऐकलं किंवा ताडलं आहे आणि तो ते परत म्हणून पाहतो आहे: अच्छा, म्हणजे उद्या निघालास तर. हे इंग्रजीत शुद्ध आहे, पण वस्तुनिष्ठ प्रश्नात क्वचितच अपेक्षित असतं. सुरुवातीला ‘सो’ किंवा ‘ओह’ असेल तरी, पर्यायांत ‘आरन्ट यू’ आहे तोवर तेच निवडावं.

एवढं करूनही एखाद्या प्रश्नात दोन पर्याय खरोखरच बरोबर निघतात, विशेषतः होकारार्थी आज्ञेत, आणि खूण नसलेल्या ‘लेट अस’मध्ये. लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, ठरलेल्या मुदतीत हरकती मागवतो आणि त्यानंतर अंतिम उत्तरतालिका काढतो. हरकत घेताना ‘माझंही उत्तर बरोबर आहे’ एवढं लिहून भागत नाही. समजा प्रश्न होता ‘लेट अस गो नाउ’, तालिकेत ‘शॅल वी’ आहे आणि पर्यायांत ‘विल यू’ही होता. तर हरकतीत लिहायचं की ‘लेट अस’ परवानगीच्या अर्थानेही येतं, वाक्यात हाक, ‘प्लीज’, ‘युवर’ किंवा ‘टुगेदर’ यांपैकी कोणतीच खूण नाही, म्हणून दोन्ही वाचनं शक्य आहेत, आणि सोबत मान्यताप्राप्त व्याकरणाच्या पुस्तकातलं ते पान जोडायचं. याउलट वाक्य ‘लेट्स गो नाउ’ असं आखूड छापलेलं असेल, तर हरकतीला जागा उरत नाही, कारण आखूड रूपाला परवानगीचा अर्थ नसतोच.